पहिला मेल, शंभर शब्दांच्या आत: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

अनोळखी कंपन्यांना मेल लिहून काम मिळवायचं, त्यासाठी केलेल्या यादीतली पहिली कंपनी ठरली. मोजणीची उपकरणं, म्हणजे लेव्हल, टोटल स्टेशन वगैरे, भाड्यानं देणारी मध्यम आकाराची कंपनी. ओळख कुणाचीच नाही. आपण दोघं वेबसाइटवरचे फॉर्म दुरुस्त करतो आणि त्यांचा सगळा धंदा एका बुकिंग फॉर्मवरून सुरू होतो, एवढाच काय तो संबंध.

यादी करताना एक चाळणी लावली होती. अडचण बाहेरून दिसली पाहिजे, समोरच्याला ती स्वतः मिनिटभरात करून बघता आली पाहिजे, आणि ती आपल्याला दुरुस्त करता आली पाहिजे. या चाळणीत बहुतेक नावं गळली. एका साइटचा फॉर्म लांबलचक आहे, पण लांबी ही अडचण आहे की त्यांची गरज, हे आपल्याला बाहेरून कसं कळणार? दुसऱ्या एका साइटचं पान मोबाइलवर हळू उघडतं. तिला लिहायला हात शिवशिवत होते, कारण पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या PageSpeed Insights या साधनाचा आकडा आयता मिळतो. पण असे आकडे चिकटवलेले मेल प्रत्येक साइटच्या मालकाला येतच असतात. शिवाय ‘तुमच्या पानाचा LCP, म्हणजे सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, अडीच सेकंदांच्या वर आहे’ हे आपलं मोजमाप झालं. त्याच्या दिवसभराच्या कामात त्यानं काय बिघडतं, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

या कंपनीच्या फॉर्ममध्ये मात्र नाव देता येईल असं काहीतरी घडतं. उपकरण निवडा, तारखा टाका, साइटचा पत्ता लिहा, ओळखपत्राची फाइल जोडा, फोन नंबर द्या. नंबरात मध्ये मोकळी जागा पडली की पान पुन्हा उघडतं आणि सगळे रकाने रिकामे. हे हाताला लागलं तेव्हाच वाटलं, मेलचं पहिलं वाक्य इथे आहे.

४ मार्च

सहकाऱ्यानं आज नीट तपासणी केली. फॉर्म प्रत्यक्ष पाठवायचा नाही, ही अट आधीच घातली होती. खोटी बुकिंग पाडून त्यांच्या माणसाचा वेळ खायचा आणि मग त्यालाच मेल लिहायचा, हे बरं दिसत नाही. सुदैवानं या अडचणीचं स्वरूपच असं की चूक झाल्यावर फॉर्म पुढे जातच नाही, त्यामुळे त्यांच्या माणसापर्यंत बुकिंग पोचत नाही. ओळखपत्राच्या जागी कोऱ्या कागदाची फाइल जोडली.

कारण साधं आहे. नंबर ब्राउझरमध्ये तपासलाच जात नाही. सगळा फॉर्म सर्व्हरकडे जातो, सर्व्हरला फक्त अंक हवेत, मोकळी जागा दिसली की तो नाकारतो आणि कोरं पान परत पाठवतो. भरलेली माहिती परत रकान्यांत घालण्याचं काम कुणी केलेलं नाही. कुठे चुकलं हेही पान सांगत नाही, नुसतं वर ‘माहिती अपूर्ण’ असं येतं.

हे दुर्मिळ आहे का, हा खरा प्रश्न होता. माणूस हातानं नंबर टाकतो तेव्हा बहुधा जागा सोडत नाही. पण फोनच्या संपर्कयादीतून नंबर चिकटवला, तर तो अनेकदा तीन-तीन, चार-चार अंकांचे गट पाडूनच येतो. कामाच्या जागेवर उभं राहून सहकाऱ्याच्या नंबरानं बुकिंग करणारा अभियंता हेच करणार. म्हणजे त्यांचा नेहमीचा ग्राहकच यात अडकू शकतो. किती जण अडकतात हे मात्र आपल्याला माहीत नाही, आणि मेलमध्ये त्याचा अंदाजही लिहायचा नाही.

आणखी एक खूण सापडली. फॉर्मच्या वर ठळक अक्षरांत ‘अडचण आल्यास फोन करा’ असं लिहून नंबर दिला आहे. कुणीतरी अडतंय हे त्यांना ठाऊक आहे, का अडतंय ते नसावं. ही खूण मेलमध्ये वापरायची नाही. ‘तुम्हाला माहीत असूनही’ असा सूर त्यातून निघतो. पण मेल कुणाला पाठवायचा, ते या ओळीनं ठरवलं: ते फोन जो उचलतो त्याच्या वरच्या माणसाला. बुकिंग विभागाच्या प्रमुखाचं नाव आणि पत्ता त्यांच्याच संपर्काच्या पानावर आहे. अंदाजानं पत्ता बनवायची गरज पडली नाही, हे उत्तम. बनवलेले पत्ते परत आपटतात आणि त्याचा डाग पाठवणाऱ्या डोमेनवर पडतो.

तपासताना एक नको ते दिसलं. पान परत आलं तेव्हा अ‍ॅड्रेस बारमध्ये टाकलेला फोन नंबर जसाच्या तसा होता. म्हणजे तो सर्व्हरच्या नोंदींत जातो, आणि पानावर भेटी मोजणारं एखादं साधन असेल तर त्याच्याकडेही जाऊ शकतो. सहकाऱ्याचं मत, हे पहिल्या वाक्यात घ्यावं, कारण हे जास्त गंभीर आहे. मी विरोध केला. ग्राहकांची माहिती उघडी पडते असं अनोळखी माणसानं सांगायचं आणि खाली ‘आम्ही दुरुस्त करून देतो’ असं लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला ती धमकी वाटते. गंभीर आहे म्हणूनच ते विक्रीच्या मेलमध्ये नको. `/.well-known/security.txt` ही फाइल अशा सूचना कुठे पाठवायच्या हे सांगण्यासाठी असते. २०२२ मध्ये RFC 9116 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानं तिचं रूप ठरवून दिलं. त्यांच्या साइटवर ती नाही. गोपनीयता धोरणाच्या पानावर वेगळा पत्ता मिळाला, तिकडे चार ओळींची सूचना आजच गेली. आपण काय करतो, किती घेतो, यातला एकही शब्द तिच्यात नाही.

५ मार्च

मसुदा लिहायला घेतला. सहकाऱ्यानं जुन्या नमुन्यावरून सुरुवात करून दिली होती:

> आशा आहे आपण कुशल असाल. आम्ही वेब फॉर्म आणि चेकआउट या क्षेत्रात काम करणारी अनुभवी टीम असून आपली वेबसाइट पाहताना आम्हाला ती अतिशय आवडली. आपल्या व्यवसायाच्या वाढीत आम्ही मोलाची भर घालू शकतो असा विश्वास वाटतो.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण यातलं कोणतंही वाक्य कोणत्याही कंपनीला पाठवता येईल. कंपनीचं नाव झाकून वाचा, आणि हा मेल कुणासाठी आहे हे ओळखता येतं का बघा. आज दिवसभर हीच कसोटी लावली.

दुसरी गोष्ट इनबॉक्सची. विषयाच्या शेजारी किंवा खाली मेलचे पहिले काही शब्द दिसतात, आणि माणूस मेल उघडायचा की नाही हे तेवढ्यावर ठरवतो. तिथे ‘आशा आहे आपण कुशल’ एवढंच दिसलं, तर आपली सगळ्यात मोक्याची जागा वाया गेली. म्हणून ‘नमस्कार’ आणि नाव, की लगेच अडचण.

अडचण कशी मांडायची यावर बराच वेळ गेला. तीन रूपं समोर होती. ‘तुमच्या फॉर्ममुळे तुम्ही ग्राहक गमावत आहात’ हा अंदाज आहे. समोरच्यानं ‘तुम्हाला काय माहीत?’ म्हटलं की मेल तिथेच संपला. ‘तुमच्या फॉर्मचं व्हॅलिडेशन सर्व्हरवर होतं आणि भरलेली माहिती राखली जात नाही’ हे खरं आहे, पण बुकिंग विभागाच्या प्रमुखाला त्याचं काय? तिसरं रूप म्हणजे ग्राहक काय करतो आणि त्याच्यासमोर काय घडतं, एवढंच क्रमानं सांगणं. फोन नंबरात जागा सोडली, पान परत उघडलं, सगळं पुसलं गेलं. त्यातून काय नुकसान होतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ते वाक्य त्याचं त्यालाच पूर्ण करू द्यावं.

रकान्यांची नावंही मुद्दाम घेतली: तारखा, उपकरण, साइटचा पत्ता. हे शब्द त्यांच्याच फॉर्मवरचे आहेत. ‘सर्व माहिती’ असं लिहिलं असतं तर तेच वाक्य कुठल्याही साइटला चिकटलं असतं.

६ मार्च

छाटणी. काल रात्रीचा मसुदा शंभरच्या बराच वर होता. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात, त्यामुळे मराठी शंभर शब्दांत तसं बरंच काही मावतं. म्हणून सत्तरच्या आसपास थांबायचं ठरवलं. खरी मर्यादा फोनची. मेल उघडल्यावर बोट न सरकवता शेवटचा प्रश्न दिसला पाहिजे.

कात्री लावताना आधी आपण गेलो: अनुभव, टीम, पूर्वीची कामं. मग स्तुती गेली. मग दुसरी अडचण गेली, आणि ती मला सोडवेना. फॉर्ममधल्या तारखेच्या रकान्यात गेलेले दिवसही निवडता येतात, हेही खटकणारंच आहे. पण दोन अडचणी लिहिल्या की मेलची यादी होते, आणि यादी वाचणारा त्यातली सगळ्यात किरकोळ बाब धरून उत्तर देतो किंवा ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतो. एकच ठेवली.

‘हे काम सहसा लहान असतं’ असं एक वाक्य मी धरून ठेवलं होतं. सहकाऱ्यानं ते खोडलं. त्याचं म्हणणं, कोड पाहिलेला नाही, तर लहान-मोठं आपण कोण ठरवणार? ग्राहकानं होकार दिला आणि आत काम मोठं निघालं, तर पहिल्याच बोलण्यात आपण शब्द फिरवणार. त्याऐवजी जे नक्की सांगता येतं ते ठेवलं: आपण चालू साइटवरचे फॉर्म दुरुस्त करतो, साइट नव्यानं बनवावी लागत नाही. बहुतेक लोकांच्या मनात पहिली धास्ती तीच असते.

शेवटचा प्रश्नही बदलला. आधी ‘या आठवड्यात अर्धा तास बोलता येईल का?’ असं होतं. अनोळखी माणसाला अर्धा तास देण्यासाठी कॅलेंडर उघडावं लागतं, विचार करावा लागतो. ‘रेकॉर्डिंग पाठवू का?’ याला ‘हो’ पुरतं. रेकॉर्डिंग पहिल्याच मेलला जोडायचं नाही, त्याची लिंकही द्यायची नाही. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या जोडणीला आणि लिंकला माणूस आणि स्पॅमची गाळणी दोघंही बिचकतात. शिवाय सगळं आधीच हातात दिलं, तर उत्तर द्यायला कारण उरत नाही.

ठरलेला मजकूर:

> विषय: बुकिंगचा फॉर्म मध्येच रिकामा होतो
>
> नमस्कार,
>
> तुमच्या बुकिंग फॉर्ममध्ये फोन नंबर लिहिताना मध्ये मोकळी जागा सोडली, तर पान परत उघडतं आणि तारखा, उपकरण, साइटचा पत्ता असं भरलेलं सगळं पुसलं जातं. मोबाइलवर ग्राहकाला पहिल्यापासून भरावं लागतं, आणि चूक नेमकी कुठे झाली हे पानावर कुठेच लिहिलेलं नाही.
>
> आज सकाळी दोन वेगवेगळ्या फोनवर तपासलं. दोन्हीकडे तेच झालं.
>
> आम्ही दोघं चालू साइटवरचे फॉर्म दुरुस्त करतो. साइट नव्याने बनवावी लागत नाही.
>
> हे दाखवणारं अर्ध्या मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पाठवू का?

नमस्कार, नाव आणि सही सोडून ७० शब्द. सहीत आपली नावं, टपालाचा पत्ता आणि ‘पुन्हा मेल नको असल्यास कळवा’ अशी ओळ. अमेरिकेत २००३ पासून असलेल्या CAN-SPAM कायद्याला व्यावसायिक मेलमध्ये हे दोन्ही लागतं, आणि मेल कंपनीला पाठवला म्हणून त्यातून सूट नाही. नियम देशोदेशी वेगळे आहेत, काही ठिकाणी आधी संमतीच लागते. म्हणून प्रत्येक नावापुढे देश लिहिलेला एक रकाना यादीत वाढवला.

विषयाच्या ओळीबद्दल एक. खोटं ‘Re:’ लावून जुना संवाद असल्याचा आव आणणारे मेल मला स्वतःला येतात, आणि ते उघडताच मी बंद करतो. फसवी विषयाची ओळ त्याच कायद्यातही बसत नाही. फोनवर लांब विषय कापला जातो, म्हणून ‘बुकिंगचा फॉर्म’ हे शब्द अगदी पुढे घेतले. पुढचं कापलं गेलं तरी मेल कशाबद्दल आहे ते कळतं.

७ मार्च

पाठवण्याची तयारी. मजकूर कितीही चांगला असो, स्पॅममध्ये पडला तर कुणी वाचत नाही. आपल्या डोमेनवरून स्वतःच्या जीमेल खात्यावर एक मेल पाठवला आणि तिथे `Show original` उघडून पाहिलं:

```
SPF:   PASS
DKIM:  PASS
DMARC: PASS
```

मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आला का हे पडताळणाऱ्या या तिन्ही चाचण्या ठीक. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं जीमेलवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी SPF किंवा DKIM यांपैकी एक तरी सक्तीचं केलं. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतं आणि वर DMARC ही लागतं. आपण त्या आकड्याच्या आसपासही नाही, हातानं एकेक पाठवतो. पण कमी पाठवणाऱ्याला दुसरी एक अडचण असते: थोड्याच मेलांत कुणी दोघांनी ‘स्पॅम’ दाबलं, तरी प्रमाण एकदम वर जातं. गूगलची रेषा ०.३ टक्क्यांची आहे. नावं निवडून पाठवण्याला त्यातून एक व्यवहारी कारण मिळतं.

मेल साध्या मजकुरात जाईल. लोगो नाही, रंगीत सही नाही, मेल उघडला का हे सांगणारं अदृश्य चित्र नाही.

१० मार्च

आज पाठवायचा दिवस. सकाळी आधी फॉर्म पुन्हा तपासला, कारण मेलमध्ये ‘आज सकाळी’ असं लिहिलं आहे आणि ते खरं असायला हवं. दोन्ही फोनवर अजून तेच होतं. अ‍ॅड्रेस बारमधला नंबर मात्र गायब झाला आहे. सूचना पोचली म्हणायची, उत्तर आलेलं नसलं तरी.

यादीतल्या दुसऱ्या कंपनीचा मेलही आजच जायचा होता. तिथे ‘पुढे’ हे बटण फोनच्या कीबोर्डखाली दडत होतं. आज पाहिलं तर दुरुस्त झालंय. तो मेल रद्द, नाव यादीतून काढलं. दुसरी काहीतरी अडचण शोधून त्यांच्यावर डकवू, असं सहकारी म्हणाला. मला ते ओढूनताणून वाटलं. ज्यांच्याकडे कुणीतरी स्वतःहून लक्ष देऊन दुरुस्त्या करतंय, त्यांना आपली गरज कमीच.

पहिला मेल गेला.

१४ मार्च

उत्तर नाही. मेल उघडला का, असं सहकाऱ्यानं विचारलं. आपल्याला कळायचा मार्ग नाही, आणि मार्ग असता तरी त्यावर विश्वास ठेवला नसता. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आपल्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, ती चालू असेल तर मेलमधली चित्रं माणसानं मेल न उघडताही मागच्या मागे उतरवली जातात. म्हणजे ‘उघडला’ अशी नोंद होते आणि प्रत्यक्षात कुणी पाहिलेलंही नसतं. आपण फक्त उत्तरं मोजायची. ‘नको’ हेही उत्तरच.

शांततेचे अर्थ किती लावायचे? रजा असेल, कामाची गडबड असेल, किंवा त्यानं मेल वाचून फॉर्मवर स्वतः करून पाहिलं असेल आणि पुढे कुणाला सांगायचं हे कळत नसेल. शेवटच्या शक्यतेवर काही करता येईल. पुढचा मेल त्यावर लिहायचा.

१७ मार्च

दुसरा मेल त्याच धाग्यात, म्हणजे पहिला मजकूर खाली दिसत राहील. ‘माझा आधीचा मेल पाहिलात का’ अशी आठवण करून दिली, तर वाचणाऱ्याच्या डोक्यावर फक्त एक उधारी वाढते. नवीन काहीतरी हातात दिलं पाहिजे. म्हणून दुरुस्तीच सांगून टाकली:

> तुमच्या डेव्हलपरला सांगायचं असल्यास एवढं पुरेल: फोन नंबर तपासण्याआधी त्यातल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या, आणि चूक आढळली तरी बाकीच्या रकान्यांतली माहिती परत भरून दाखवायची. रेकॉर्डिंग हवं असल्यास फक्त ‘हो’ लिहा. यानंतर मी या विषयावर पुन्हा लिहिणार नाही.

सहकारी धास्तावला: उपाय फुकट दिला, तर काम कशाला देतील? माझं मत असं की ज्यांच्याकडे डेव्हलपर आहे ते हे काम आपल्याला तसंही देणार नव्हते. ज्यांच्याकडे नाही, त्यांना या दोन ओळी वाचून एवढंच कळेल की आपल्याला नेमकं काय करायचं ते माहीत आहे. शेवटचं वाक्य मात्र मनापासून आहे. तिसरा मेल जाणार नाही.

१९ मार्च

उत्तर आलं, दुपारी. थोडक्यात असं: फॉर्म आम्ही बनवलेला नाही, बाहेरच्या एका कंपनीचा आहे, आम्ही तो फक्त आमच्या साइटवर बसवलाय. रेकॉर्डिंग पाठवा, त्यांना दाखवतो. आणि ‘ग्राहक फोन करून सांगायचे की फॉर्म चालत नाही, पण आमच्याकडून करून पाहिलं की चालायचा’.

हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. कार्यालयात बसून टेबलावरच्या कीबोर्डनं नंबर टाकला की जागा पडत नाही, म्हणून त्यांना कधी दिसलंच नाही. रेकॉर्डिंगमध्ये नंबर संपर्कयादीतून चिकटवतानाच दाखवलं आहे, ते बरं झालं.

लगेच पाठवलं. सोबत फक्त दोन ओळी: कोणत्या सेकंदाला काय दिसतं ते, आणि त्या कंपनीचे काही प्रश्न असतील तर थेट आम्हाला विचारायला हरकत नाही.

२४ मार्च

फॉर्म बनवणाऱ्या कंपनीच्या डेव्हलपरचा मेल आला, बुकिंगप्रमुखांना प्रत ठेवून. नंबरातल्या जागा काढायची ओळ त्यानं टाकली आहे:

```js
phone = phone.replace(/[\s-]/g, "");
```

पण त्यानं एक रास्त शंका काढली. बाकीचे रकाने परत भरता येतील, ओळखपत्राच्या फाइलचं काय? ब्राउझर सुरक्षेपायी फाइलचा रकाना कोडमधून आधीच्या फाइलनं परत भरू देत नाही. म्हणजे दुसऱ्या एखाद्या रकान्यात चूक झाली आणि पान परत आलं, तर ग्राहकाला फाइल पुन्हा निवडावीच लागणार. आपल्या दोन ओळींच्या उपायात हा कोपरा नव्हता, दोन ओळींत तो बसलाही नसता. सहकाऱ्यानं सुचवलं की चुका पान न सोडता ब्राउझरमध्येच दाखवायच्या, म्हणजे फाइल हातची जातच नाही. सर्व्हरवरची तपासणी ठेवायचीच, ती शेवटची चौकी म्हणून. डेव्हलपरला ते पटलं, पण त्यांच्या कामाच्या रांगेत हे पुढच्या महिन्यात येईल म्हणाला.

बुकिंगप्रमुखांनी आभार मानले. काम मिळालं नाही. फॉर्म त्यांचा नाहीच, तर देणार काय?

२६ मार्च

यादीत आणखी एक रकाना वाढवला: ‘फॉर्म कुणाचा’. पानाच्या तळाशी किंवा सोर्समध्ये फॉर्म बनवणाऱ्याची खूण बहुतेक वेळा सापडते, आणि ती मेल लिहिण्याआधी बघायला दोन मिनिटं लागतात. अडचण ज्याची आणि दुरुस्ती ज्याच्या हातात, ही माणसं वेगळी असतील तर पहिलं वाक्य कुणासाठी लिहायचं ते बदलतं.

ती खूण घेऊन शोधलं, तर हाच फॉर्म भाड्याच्या धंद्यातल्या इतरही साइटवर दिसतो, आणि जागा पडली की तिथेही रिकामा होतो. म्हणजे खरा संभाव्य ग्राहक ही फॉर्म बनवणारी कंपनी. तिचं दुखणं वेगळं आहे: तिच्या ग्राहकांचे ग्राहक अडकतात, तक्रार फोनवर दुसऱ्याच कुणाकडे जाते, तिच्यापर्यंत पोचतच नाही.

लिहिण्याआधी बुकिंगप्रमुखांना विचारलं की तुमच्या साइटवर काय दिसलं याचा उल्लेख करू का. नाव न घेता करा, असं उत्तर आलं. मेल त्या कंपनीत उत्पादन सांभाळणाऱ्या व्यक्तीला जाईल. डेव्हलपरला आधी कळवलं आहे, त्याला डावलून वर गेल्यासारखं व्हायला नको. पहिल्या वाक्याचा मसुदा सध्या असा:

> तुमचा फॉर्म ज्या साइटवर बसवलेला आहे, त्यांतल्या काहींवर ग्राहक अडला की तो साइटच्या मालकाला फोन करतो. फॉर्म का रिकामा झाला हे तुमच्यापर्यंत येत नाही.

सहकाऱ्याचा आक्षेप: ‘तुमच्यापर्यंत येत नाही’ हे आपण एकाच कंपनीच्या उत्तरावरून म्हणतोय. बरोबर आहे. पूर्णविरामानंतरचा भाग काढून तिथे फक्त फॉर्म कधी रिकामा होतो ते लिहायचं. उरलेल्या साइट सोमवारी सकाळी पुन्हा तपासायच्या, मग पाठवायचा.